लाल डब्यातली हवा

इंग्लंडमध्ये किंवा जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून थंडी सुरू झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. बॉयलरच्या गेजचा काटा सकाळी पार खाली आलेला असतो आणि वरच्या मजल्यावरचे रेडिएटर गार पडलेले असतात. नळी जोडून पाणी भरलं की काटा वर चढतो, घर तापतं, दोन-चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. घरातले गळती शोधू लागतात. कुणी रेडिएटरचे जोड तपासतं, कुणी लाकडी फरशी उचकटायला निघतं. पण बऱ्याचदा पाणी पाइप फुटून गेलेलं नसतं. बाहेरच्या भिंतीतून तांब्याचा एक बारीक पाइप डोकावत असतो आणि त्याच्या तोंडाशी ओल असते. पाणी तिथून गेलेलं असतं. ते का गेलं, याचं उत्तर बॉयलरजवळच्या किंवा बॉयलरच्या आतच बसवलेल्या एका लोखंडी डब्यात सापडतं. हा डबा म्हणजे एक्स्पान्शन व्हेसल. बाहेर बसवलेला असेल तर तो बहुतेक वेळा लाल रंगाचा असतो.

आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवर सोलर हीटर असतात. त्यांतल्या बहुतेकांना वर एक उभा उघडा पाइप असतो. पाणी तापून फुगलं की त्याला तिथून वाट मिळते, त्यामुळे दाबाचा प्रश्नच येत नाही. युरोपातल्या घरांतली रेडिएटरची व्यवस्था मात्र हल्ली बहुतेक ठिकाणी बंद असते. तेच पाणी बॉयलरमधून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत बॉयलरमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहतं, बाहेरच्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. अशा बंद फेऱ्यात तापणाऱ्या पाण्याने फुगायचं कुठे?

पाणी 10 अंशांवरून 80 अंशांवर नेलं की त्याचं आकारमान जवळपास 2.9 टक्क्यांनी वाढतं. आकडा लहान वाटतो, पण व्यवस्थेत 100 लिटर पाणी असेल तर तापल्यावर सुमारे 3 लिटर जास्तीच्या पाण्याला जागा हवी. आणि पाणी दबत नाही. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून पुढचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबून पाहा, तो जागचा हलणार नाही. तीच सिरिंज हवेने भरून दाबा, दट्ट्या सहज अर्ध्यापर्यंत जाईल. एक्स्पान्शन व्हेसल याच फरकावर चालतं. डब्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला व्यवस्थेतलं पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगलं की ते पडद्याला ढकलतं, हवा आक्रसते आणि दाब आटोक्यात राहतो. पाणी निवलं की हवा पडद्याला परत ढकलते आणि पाणी पाइपांत जातं.

पाणी भरण्याआधी या हवेचा जो दाब असतो त्याला प्रीचार्ज म्हणतात. सगळी मेख तिथेच आहे.

रेडिंगमधलं एखादं दुमजली घर डोळ्यांसमोर आणू. बॉयलर, गेज आणि डबा तळमजल्यावर आहेत. सगळ्यांत वरच्या रेडिएटरचं टोक डब्यापासून 5 मीटर उंच आहे. व्यवस्थेत 100 लिटर पाणी आहे, डबा 12 लिटरचा आहे आणि सेफ्टी व्हॉल्व्ह 3 बारला उघडतो. दर 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार असतो, म्हणून 5 मीटरचा झाला 0.5 बार. वरच्या रेडिएटरपर्यंत पाणी नुसतं पोचवण्यासाठी खाली एवढा दाब हवाच. त्यात 0.3 बारची सवलत धरली की प्रीचार्ज येतो 0.8 बार. पाणी गार असताना भरण्याचा दाब त्याहून थोडा जास्त ठेवायचा, किमान 0.3 बारने. आपण 1.2 बार धरू.

इथून पुढचा हिशेब शाळेत शिकलेल्या बॉइलच्या नियमाचा आहे. फक्त एक ध्यानात ठेवायचं की गेज शून्य दाखवतो तेव्हाही वातावरणाचा 1 बार दाब असतोच, म्हणून प्रत्येक आकड्यात 1 मिळवायचा. डब्यात 12 लिटर हवा 1.8 बारला आहे. पाणी भरून दाब 2.2 झाला की हवा आक्रसून 9.8 लिटर होते आणि डब्यात सुमारे 2.2 लिटर पाणी शिरतं. मग बॉयलर पेटतो, पाणी 2.9 लिटरने फुगतं आणि हवेला 6.9 लिटरच जागा उरते. दाब होतो 3.1, म्हणजे गेजवर 2.1. सेफ्टी व्हॉल्व्हच्या 3 बारपासून काटा बराच लांब राहिला. शिवाय थंड असताना डब्यात शिरलेलं ते 2.2 लिटर पाणी ही गंगाजळी आहे. रेडिएटरमधली हवा काढताना एखादं लिटर पाणी सांडलं तरी काटा 1.2 वरून जेमतेम 1 वर येतो, आणि वरच्या मजल्याला त्याची खबरही लागत नाही.

पण रबरातून आणि व्हॉल्व्हमधून हवा हळूहळू निसटत असते. चार-पाच वर्षं कुणी पाहिलं नाही आणि दोन-तृतीयांश हवा गेली असं समजू. घरमालक पाणी भरतो, काटा 1.2 वर येतो, सगळं ठीक दिसतं. डब्यात मात्र आता हवा फक्त 3.3 लिटर आहे. पाणी तापायला लागलं की काटा भराभर चढतो. 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडेपर्यंत डबा दीडेक लिटरच सामावून घेतो, आणि उरलेलं जवळपास दीड लिटर पाणी त्या बारीक पाइपातून बाहेर जातं. रात्री बॉयलर बंद होतो, पाणी निवून आक्रसतं, आणि सकाळी काटा असतो 0.5 वर. म्हणजे वरच्या रेडिएटरपाशी दाब शून्य. तिथे हवा शिरायला लागते, रेडिएटर वरून गार आणि खालून कोमट राहतो. घरमालक पुन्हा पाणी भरतो आणि तापलं की ते पुन्हा बाहेर जातं.

यात नुसतं पाणीच वाया जातं असं नाही. प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर विरघळलेला ऑक्सिजन आत येतो आणि रेडिएटरचं पोलाद आतून गंजायला लागतं. पाण्यात मिसळलेलं गंजरोधक औषधही पातळ होत जातं. रेडिएटरमधून काळंकुट्ट पाणी निघतं ते याच गंजाचं. आणि वारंवार उघडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला की तो नीट बंदच होत नाही, मग खरीखुरी गळती सुरू होते.

उलटी चूकही होते. डबा कारखान्यातून 1.5 बारने भरून आला आणि बसवणाऱ्याने तो तसाच बसवला. व्यवस्था 1.2 बारला भरली, तर डब्यात पाण्याचा थेंबही शिरत नाही, कारण हवेचा दाब पाण्यापेक्षा जास्त आहे. तापल्यावर काटा फार वर जात नाही, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. पण गंगाजळी शून्य असल्याने कपभर पाणी कमी झालं तरी काटा धाडकन खाली येतो. ओळखायची खूण साधी आहे. तापताना काटा उंच जात असेल तर हवा कमी आहे. तापताना ठीक आणि जरा पाणी काढलं की शून्य, असं असेल तर बहुधा हवा जास्त आहे.

आता सगळ्यांत जास्त होणारी चूक. डब्याच्या टोकाला टोपण असतं आणि त्याखाली मोटारीच्या टायरला असतो तोच व्हॉल्व्ह असतो, टायरचा गेज त्यावर बसतो. माणूस व्यवस्था भरलेली असतानाच गेज लावतो, 1.2 आकडा दिसतो आणि हवा भरपूर आहे असं समजून टोपण लावून टाकतो. पण पडद्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असतो. आत मूठभर हवा उरली असली तरी गेज पाण्याचाच दाब दाखवणार. खरा प्रीचार्ज फक्त पाण्याच्या बाजूचा दाब शून्य केल्यावरच कळतो.

म्हणून आधी बॉयलर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्यायचं. डब्याजवळ वेगळा कॉक असेल तर तेवढाच भाग तोडून रिकामा करायचा, नसेल तर खालच्या ड्रेन कॉकला नळी लावून काटा शून्यावर येईपर्यंत पाणी काढायचं. ड्रेन कॉक उघडाच ठेवायचा. मग टायरचा गेज लावून मोजायचं. गेज पीएसआयमध्ये असेल तर 0.8 बार म्हणजे साडेअकराच्या आसपास. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, तिथे हवा भरण्यात अर्थ नाही, डबा बदलावा लागतो. हवाच कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरायची. भरताना नळीतून पुन्हा पाणी येईल, कारण पडदा डब्यात साचलेलं पाणी बाहेर ढकलत असतो. ते थांबल्यावर परत मोजायचं आणि 0.8 वर आणायचं. मग ड्रेन कॉक बंद करून 1.2 पर्यंत पाणी भरायचं, रेडिएटरमधली हवा काढायची, काटा उतरला असेल तर पुन्हा 1.2 करायचं आणि भरण्याची नळी काढून ठेवायची. शेवटी बॉयलर पूर्ण तापवून काटा कुठे थांबतो ते पाहायचं.

सगळं बरोबर करूनही काटा 3 कडे जात असेल तर डबाच लहान पडतोय. याच घरात रेडिएटर वाढवून पाणी 150 लिटर झालं, तर तापल्यावर काटा 2.9 च्या पुढे जातो. तिथे 12 लिटरचा डबा पुरत नाही, शेजारी दुसरा बसवावा लागतो. बॉयलर पोटमाळ्यावर असेल तर उंचीचा हिशेब जवळपास शून्य येतो, तेव्हा उत्पादकाच्या पुस्तिकेतला किमान आकडा पाळावा. पुस्तिकेत वेगळा प्रीचार्ज दिला असेल तर कुठल्याही घरात तोच खरा.

डबा बॉयलरच्या आवरणाआड असेल तर स्वतः हात घालू नका. ब्रिटनमध्ये गॅस बॉयलरचं काम गॅस सेफ नोंदणी असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. तो वार्षिक तपासणीला येईल तेव्हा त्याला एवढंच विचारा, ‘पाण्याचा दाब शून्य करून डब्यातली हवा मोजलीत का?’ आणि जो आकडा येईल तो तारखेसह तिथल्या तिथे मार्करने लिहून ठेवायला सांगा.