जंताचा प्रवास

ऊसतोडीच्या तळांवर हिंडताना आम्हांस पोरे दिसतात ती हातापायांच्या काड्या झालेली आणि पोटाचा नगारा झालेली. आई सांगते, "गूळ फार खातो, म्हणून जंत झाले." ही समजूत खोटी आहे. गुळातून जंत होत नाहीत आणि पोटात जंतांची वीणही वाढत नाही. एक जंत म्हणजे गिळलेले एक अंडे, हा हिशेब पक्का आहे.

निलंग्याच्या काळ्या मातीत ओल टिकते. समजा, मृगाच्या पहिल्या पावसात एका पोराला झोपडीमागे शौचास बसवले. जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती ताजी अंडी बाधत नाहीत; ओल्या, सावलीच्या मातीत ती दोन-तीन आठवडे पिकावी लागतात. जुलैच्या आरंभी शेजारचे पाच वर्षांचे पोर त्याच मातीत खेळते आणि न धुतल्या हाताने भाकरी खाते.

अंडी आतड्यात फुटतात. पण अळ्या तेथे थांबत नाहीत. आतड्याची भिंत भेदून त्या रक्तावाटे यकृतात, तेथून हृदयातून फुप्फुसांत जातात. दहा-बारा दिवसांनी पोराला कोरडा खोकला, धाप, थोडा ताप येऊ शकतो. जपानच्या कोइनो या डॉक्टरांनी 1922 साली स्वतः दोन हजार अंडी गिळली; त्यांना न्यूमोनियासारखा आजार झाला आणि थुंकीत अळ्या सापडल्या. या वेळी शौच तपासले तर अंडी दिसत नाहीत, कारण मादी अजून वाढलेलीच नसते. अळ्या श्वासनळीतून घशाशी चढतात, पुन्हा गिळल्या जातात आणि आतड्यात वीतभर, कधी त्याहूनही लांब वाढतात. भाद्रपदापर्यंत नवी अंडी मातीत पडू लागतात.

दोन-चार जंतांनी फारसे बिघडत नाही. जंत पुष्कळ झाले की भूक मरते, अन्नातली चरबी व अ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. आधीच अर्धपोटी असलेल्या पोराची वाढ मग खुंटते.

याहून भयंकर म्हणजे जंतांचा गोळा लहान आतड्याच्या शेवटच्या अरुंद टोकाशी अडकणे. पोटात कळा येतात, पोट फुगते, हिरवी उलटी होते, शौच व वारा बंद होतो. कधी उलटीतून जंत पडतो. अशा वेळी एरंडेल देऊ नये, जंताचे औषधही देऊ नये, खाणेपिणे बंद ठेवावे आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तेथे प्रथम शिरेतून सलाइन देतात व नाकातून नळी घालून पोट मोकळे करतात. पुष्कळदा गोळा तेवढ्याने सुटतो. न सुटल्यास पोट उघडावे लागते. जंताचे औषध अडथळा सुटल्यावर द्यायचे असते.

2015 पासून शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. दोन वर्षांवरील मुलास 400 मिलिग्रॅमची एक, एक ते दोन वर्षांच्या मुलास अर्धी. ती आतड्यातले जंत मारते, मातीतली अंडी नव्हे. ती अंडी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. म्हणून गोळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ऊसतोडीच्या तळावर संडास आणि हात धुण्यास पाणी हवे, ही आमची मागणी औषधाइतकीच पोराच्या आतड्याशी निगडित आहे.