३२५ मधली कविता

किशोरांसाठी ग्रंथालय सहायकाची गोष्ट लिहायला बसलं की लेखक हमखास भुयार, जुना नकाशा किंवा हरवलेली पोथी शोधू लागतात. खरं तर एका आकड्यावरही गोष्ट उभी राहते. तो आकडा आहे ३२५, आणि ही गोष्ट घडलेलीही आहे.

ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या कण्यावर जो क्रमांक चिकटवलेला असतो, तो बऱ्याचदा ड्यूई दशांश पद्धतीचा असतो. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने ती १८७६ मध्ये छापली. त्याने सगळ्या विषयांचे दहा वर्ग पाडले. साहित्याला ८०० हा वर्ग मिळाला आणि त्यात अमेरिकन कवितेला ८११. समाजशास्त्रांच्या वर्गात ३२५ म्हणजे वसाहती व स्थलांतर आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी.

१९२८ मध्ये डोरोथी पोर्टर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झाल्या. वय तेविशीच्या आसपास, काम पुस्तकांची तालिका करण्याचं. दोन वर्षांनी त्यांच्याकडे कृष्णवर्णीयांविषयीचा संग्रह सोपवला गेला. जेसी मूरलँड यांनी १९१४ मध्ये दिलेली सुमारे ३,००० पुस्तकं आणि कागदपत्रं हा त्याचा गाभा होता. ही पुस्तकं लावायची कशी, हे ठरवण्यासाठी पोर्टर यांनी इतर ग्रंथालयांकडे पाहिलं, तेव्हा एक विचित्र प्रकार समोर आला. लेखक कृष्णवर्णीय असेल, तर पुस्तक कशावर आहे हे न बघताच त्याला ३२५ किंवा ३२६ दिला जाई. पुढे त्यांनीच सांगितलं की जेम्स वेल्डन जॉन्सन यांच्या कवितासुद्धा ३२५ मध्ये जात.

याचा परिणाम काय होतो, ते एका वाचकाच्या बाजूने पाहू. शाळेतल्या मुलीला अमेरिकन कविता हवी आहे. ती ८११ च्या कपाटापाशी जाते. तिथे जॉन्सन नाहीत, म्हणून ती दुसरा कवी घेऊन घरी जाते. पुस्तक ग्रंथालयात आहे, दाखल झालेलं आहे, कोणी चोरलेलं नाही, पण कविता शोधणाऱ्याला ते कधीच भेटणार नाही. शिवाय कपाटं बघून तिचा समज होईल की कृष्णवर्णीय माणसं कविता लिहीतच नाहीत. तालिका अशी कलते. त्यासाठी एकही पुस्तक बाहेर फेकावं लागत नाही.

पोर्टर यांनी लेखकाच्या वर्णाऐवजी पुस्तकाचा विषय, साहित्यप्रकार आणि लेखकाचं नाव धरून मांडणी केली. कविता कवितेत, वैद्यक वैद्यकात, संगीत संगीतात आणि अर्थशास्त्र अर्थशास्त्रात गेलं. त्यातून आपोआप दिसू लागलं की ज्ञानाच्या बहुतेक प्रत्येक शाखेत कृष्णवर्णीयांनी लिहिलं आहे. पण क्रमांक बदलून अर्धंच काम होतं, कारण मुळात न आलेलं पुस्तक कुठल्याच कपाटात लावता येत नाही. खरेदीला पुरेसे पैसे नसत, म्हणून त्या प्रकाशकांना पत्रं लिहून पुस्तकं मागत. १९४६ मध्ये विद्यापीठाने आर्थर स्पिंगार्न यांचा मोठा संग्रह विकत घेतला, त्यामागेही त्यांचा आग्रह होता. १९७३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आज हा संग्रह मूरलँड-स्पिंगार्न संशोधन केंद्र म्हणून ओळखला जातो.

हा कल आपल्यालाही नवा नाही. ड्यूईमध्ये इंग्रजी कवितेला ८२१ आणि कथा-कादंबरीला ८२३ एवढे आटोपशीर क्रमांक आहेत. मराठी कविता मात्र ८९१.४६१ आणि मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३. इंग्रजीला पुरते दहा क्रमांक मिळाले, तर युरोपातल्या मोजक्या मोठ्या भाषा सोडता जगातल्या बाकी बहुतेक भाषांना ८९० च्या एका दशकात दाटीवाटीने बसवलं गेलं. मराठी पुस्तकांनीच भरलेल्या ग्रंथालयात म्हणूनच कण्याकण्यावर तोच लांबलचक आकडा दिसतो. अशा वेळी स्थानिक साहित्याला अग्रस्थान आणि आखूड क्रमांक देण्याची सोय खुद्द ड्यूई पद्धतीतच आहे. तिची किंमतही आहे: प्रत्येक कण्यावरची चिठ्ठी आणि प्रत्येक नोंद बदलावी लागते, आणि इतर ग्रंथालयांकडून घेतलेल्या तयार नोंदी आपल्याशी जुळेनाशा होतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी जुनेच क्रमांक चालू राहतात.

आपल्या ग्रंथालयाची तालिका कललेली आहे का, हे एखादा दहावीतला मुलगाही एका दुपारी तपासू शकतो. दलित, आदिवासी किंवा भटक्या समाजांतल्या पाच-सहा लेखकांची पुस्तकं तालिकेत शोधावीत आणि प्रत्येक पुस्तक कुठल्या क्रमांकाखाली आहे ते लिहून काढावं. आत्मचरित्र चरित्रांत, कविता कवितेत आणि कादंबरी कादंबरीत सापडली, तर ठीक. सगळी पुस्तकं सामाजिक प्रश्नांच्या एकाच कपाटात निघाली, तर ती यादी ग्रंथपालांना दाखवावी. त्यातला कवितासंग्रह कवितेच्या कपाटात हलवायला एक नवी चिठ्ठी आणि तालिकेतली एक दुरुस्ती पुरते.