एका स्टारचं उत्तर कसं लिहावं?

समजा, नाशिकमध्ये थाळीचं एक नवं हॉटेल सुरू झालंय. गुगलवर नऊ जणांनी पाच-पाच स्टार दिलेत. आणि एका रविवारी रात्री कोणीतरी एक स्टार देऊन लिहितं : ‘५० मिनिटं बसवून ठेवलं. भाकरी गार. कुणी विचारायलाही आलं नाही. पुन्हा येणार नाही.’

मालक दिवसभराचा थकलेला असतो. ‘रविवारी गर्दी असणारच, थोडा धीर धरायला हवा होता,’ असं त्याच्या हातून लिहून जातं. तक्रार करणारा त्यावर फार तर चिडेल. पण ते उत्तर खरं वाचतात ती पुढच्या शनिवारी कुठे जेवायला जायचं, हे फोनवर शोधणारी माणसं. भाकरी खरंच गार होती का, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. तक्रार केली तर हा मालक कसा वागेल, हे मात्र त्यांना लख्ख दिसतं. म्हणून त्या रात्री काहीच लिहू नये. एक-दोन दिवसांत लिहिलं तरी चालतं.

मधल्या वेळात नेमकं काय झालं ते शोधावं. किचनला गेलेल्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, म्हणजे केओटीवर, वेळ छापलेली असते. आपल्या उदाहरणात त्या टेबलाची केओटी ८:४०ची निघाली आणि त्याच्या जरा आधी बारा जणांच्या दोन ऑर्डरी आत गेलेल्या. भाकऱ्या करायला एकच बाई. गर्दी होणार म्हणून तिने आधीच थापून भाजून ठेवलेल्या भाकऱ्या डब्यात गार झाल्या आणि त्याच ताटात गेल्या. आता लिहिण्यासारखं काहीतरी हाती आलं :

‘नमस्कार. रविवारी तुम्हाला ताटकळत बसावं लागलं आणि भाकरीही गार मिळाली, माफ करा. त्या वेळच्या ऑर्डरी आम्ही तपासल्या. भाकरीला एकच हात होता, तो कमी पडला. या रविवारपासून रात्री आठ ते दहा आणखी एक बाई भाकरीवर असतील. वेळ मिळाला तर हॉटेलच्या नंबरवर फोन करा, मला तुमच्याशी बोलायचं आहे. – मालक’

यात तक्रारीतली गोष्ट नाव घेऊन मान्य केली आहे, कारण एका ओळीत आहे आणि बदल तारखेसह सांगितला आहे. दुसरी बाई खरोखर ठेवली असेल तरच ते वाक्य लिहावं. पुढच्या रविवारी कुणीतरी ते तपासणारच. ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’ हे एकच वाक्य प्रत्येकाखाली चिकटवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

लिहिणाऱ्याला आपला रिव्ह्यू नंतर बदलता येतो, पण त्यासाठी फुकट थाळीचं आमिष दाखवू नये. गुगलच्या नियमांत ते बसत नाही. तक्रार खोटी वाटली, तर ‘त्या दिवसाच्या नोंदीत हे सापडत नाही, वेळ कळवलीत तर पुन्हा बघतो’ एवढंच लिहावं. शिवीगाळ किंवा बनावट रिव्ह्यू असेल तर तो काढण्यासाठी गुगलकडे कळवता येतं. पण भाकरी गार होती की गरम, या वादात गुगल निवाडा करत नाही.

आता हिशेब बघा. नऊ पाच-स्टारांत एक-स्टारचे दोन रिव्ह्यू आले की सरासरी ४.३वर येते. तेच नव्वदांत आले तर ४.९ राहते. नव्या हॉटेलला एक वाईट रविवार इतका महाग पडतो, तो रिव्ह्यू मोजकेच असतात म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी नातेवाइकांकडून पन्नास रिव्ह्यू लिहून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. ते प्रामाणिक नाही, शिवाय असा लोंढा संशयास्पद ठरून काढलाही जाऊ शकतो. त्यापेक्षा रोज दोन-चार खरे रिव्ह्यू यावेत.

गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो. तो बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि बिल देताना कॅप्टनने एकदाच म्हणावं, ‘जेवण कसं वाटलं, ते इथे जमलं तर लिहा.’ ‘पाच स्टार द्या’ म्हणायचं नाही आणि हे प्रत्येक टेबलाला सांगायचं. आधी ‘आवडलं का?’ विचारून ‘हो’ म्हणणाऱ्यालाच कोड दाखवण्याची युक्ती बरेच जण करतात. गुगलला तीही मान्य नाही. आणि नाराज गिऱ्हाईक कोडाशिवायही लिहितंच.

सोमवारी दुपारी गर्दी कमी असते. तेव्हा अर्धा तास बसून आठवड्याची राहिलेली उत्तरं लिहावीत, चांगल्या रिव्ह्यूंनाही दोन ओळी द्याव्यात. मग वहीत प्रत्येक तक्रार तिच्या वेळेसह टिपावी. एकदाच आलेल्या ‘तिखट जास्त’साठी मसाला बदलू नये, ती एका जिभेची आवड असू शकते. पण ‘गार’ ही तक्रार तीन आठवड्यांत चार वेळा आणि दर वेळी रात्री नऊनंतरची दिसली, तर आधी त्या वेळेला तव्याजवळ किती माणसं उभी असतात, ते स्वतः जाऊन पाहावं.