पाच मिनिटांत सिनेमा

ताटातलं वरण निवलं तरी पडद्यावर नावंच सरकत राहतात. म्हणून आता आम्ही ओट्यावरचा टायमर पाच मिनिटांवर लावतो. पहिलं मिनिट टीव्ही बंदच. वेळ किती आणि मूड कसला, एवढंच ठरवायचं. काल उत्तर आलं: पावणेदोन तास, हलकंफुलकं. मग आधी साठवलेल्या यादीतून बायको तीन नावं काढते, मी एक खोडतो, उरलेल्या दोनांतून ती एक निवडते. काल ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ उरला. घंटेपर्यंत ठरलं नाही, तर यादीतलं सर्वांत वरचं लागतं. कुरकुर चालत नाही. गाडी अडते ती ट्रेलरपाशी. एक पाहिला की दोन-तीन मिनिटं गेलीच! म्हणून सेटिंगमध्ये जाऊन आपोआप सुरू होणारी झलक बंद केली. यादी मात्र रविवारी दुपारीच भरायची, रात्री भुकेल्या पोटी नाही.