३६बी सैल होतेय? मग ३४बी नको, ३४सी बघा

आजचा विषय लोकलच्या लेडीज डब्यात हळू आवाजात बोलला जातो, आपण नेहमीच्या आवाजात बोलूया. ब्राचा साइझ.

माझी एक मैत्रीण आहे, मुलुंडची. कित्येक वर्षं ३६बी घालते. तक्रार अशी की पट्टे खांद्यावरून घसरतात आणि पाठीमागचा बँड दुपारपर्यंत वर चढलेला असतो. कप मात्र अगदी नीट बसतात. हे कपाचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच कामी येणार आहे.

आधी बँडचं बघू. बहुतेक भार या बँडने पेलायचा असतो. पट्ट्यांचं काम कप जागेवर धरून ठेवणं, एवढंच. बँड सैल असला की भार पट्ट्यांवर येतो, पुढची बाजू खाली जाते आणि मागची वर ओढली जाते. आपण काय करतो? पट्टे आवळतो. त्याने मागचा बँड आणखी वर जातो आणि खांद्यावर वळ उठतात ते वेगळेच.

मग आम्ही शिंप्याकडे असते तशी साधी इंची टेप घेतली. पॅड नसलेली ब्रा घालून, छातीच्या लगेच खाली, श्वास सोडून, टेप अंगाला घट्ट आणि जमिनीला समांतर: ३० इंच. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, न आवळता: ३६ इंच.

आता खरी गंमत. जुनी पद्धत म्हणते, खालच्या मापात ४ मिळवा (माप विषम आलं तर ५). म्हणजे बँड ३४. उरलेला फरक २ इंच. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. उत्तर ३४बी. पण नेटवरचे काही कॅल्क्युलेटर काहीच मिळवत नाहीत. त्यांच्या हिशेबाने बँड ३० आणि फरक तब्बल ६ इंच, म्हणजे कप डीच्याही पुढे. बाई तीच, टेप तीच, उत्तरं दोन! इंजिनिअरच्या डोक्याला हा सरळ बगच वाटतो.

तर ऐका, लेबलवरचा ३४ हा टेपवरचा ३४ नाहीच. काही लेबलांवर ३४च्या शेजारी ७५ छापलेलं दिसेल. ते सेंटीमीटर आहेत, आणि ७५ सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेएकोणतीस इंच. म्हणजे असा ३४चा बँड तिशीच्या आसपास माप असणाऱ्या अंगासाठीच बनवलेला असतो. म्हणून घेताना त्या ब्रँडचा तक्ता उघडा आणि त्यातला खालच्या मापाचा सेंटीमीटरचा रकाना बघा. मैत्रिणीचं माप ७६, म्हणजे बँड ३४. ३६ सैल होणारच होता.

मग ३४बी घ्यायची? नाही! कपाचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही, ते बँडला चिकटलेलं असतं. ३४चा बी हा ३६च्या बीपेक्षा लहान असतो. तिने ३४बी घातली असती तर बँड बसला असता, पण कप वरून नि बगलेकडून कमी पडला असता. तिला ३६बीचा कप बरोबर होतो, तेवढाच कप कमी बँडवर हवा. तो मिळतो ३४सीमध्ये. यालाच सिस्टर साइझ म्हणतात: बँड एक नंबर खाली, तर कप एक अक्षर वर. ३८ए, ३६बी, ३४सी, ३२डी या चौघी बहिणी. टेपचा हिशेब बी म्हणत होता हे खरं, पण टेप फक्त घेर मोजते, आकार नाही. अंगावर बसलेल्या कपाचं मी जास्त ऐकेन.

हे कप नीट बसत असेल तरच. ३६बीच्या कपालाही सुरकुत्या पडत असतील तर सिस्टर साइझ नकोच, सरळ ३४बी घालून बघा. शिवाय एका पायरीपर्यंत ठीक. दोन पायऱ्या उतरलात तर पट्ट्यांमधलं अंतर बदलायला लागतं. आणि नवी असताना नीट बसणारी ब्रा वर्षभराने सैल झाली, तर इलॅस्टिक गेलंय, साइझ नाही. म्हणूनच नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर घट्ट बसली पाहिजे. आतले हुक पुढच्या दिवसांसाठी.

फक्त बँड तपासायचा असेल तर ब्रा उलटी घाला, कप पाठीवर. आता कपाचा दाब मध्ये येत नाही. दोन बोटं जेमतेम आत जावीत, हात वर केले तरी बँड हलू नये. जास्त सैल वाटला तर बँडच मोठा आहे.

आपल्याकडे स्टेशनबाहेरच्या छोट्या दुकानांत बहुतेक वेळा ट्रायल रूम नसते, तेव्हा पैसे देण्याआधी बदलून मिळेल का ते विचारा. आणि दुकानदार म्हणाला, "मॅडम, ३४सी संपलाय, ३६बी घ्या, सेमच आहे," तर कपाबद्दल तो बरोबर बोलतोय. पण तुमची तक्रार बँडची आहे.