एकाचा तगादा, दुसऱ्याचे मौन

गेल्या वर्षी एक दांपत्य रक्तदाब तपासण्यासाठी दवाखान्यात आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगतो. काकांचे वय ७१, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. काकू ६६ वर्षांच्या. मी दंडाला पट्टा बांधत असतानाच काकू म्हणाल्या, “डॉक्टर, हे घरात बोलतच नाहीत. काही विचारलं की उठून गॅलरीत जातात.” काका खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांचा रक्तदाब १६२/९४ भरला. काकूंना थोडा वेळ बाहेर बसण्याची विनंती करून दहा मिनिटांनी पुन्हा मोजला, तेव्हा तो १४४/८६ होता.

दोघांशी वेगवेगळे बोलल्यावर चित्र स्पष्ट झाले. सकाळी काकू विचारत, “गोळी घेतलीत का?” काका नुसतेच “हं” म्हणत. तेवढ्याने समाधान न झाल्याने प्रश्न पुन्हा येई. तिसऱ्या वेळी आवाज चढे आणि जुन्या तक्रारीही त्यात मिसळत. मग काका वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जात, काकू दारापर्यंत मागे जात आणि दार लागे. काकूंचे म्हणणे, “हे बोलत नाहीत म्हणून मी विचारते.” काकांचे म्हणणे, “ही सारखी विचारते म्हणून मी गप्प बसतो.” दोघांचेही खरे होते. या वर्तुळाला आरंभबिंदू नसतो, म्हणून दोषी शोधून ते सुटत नाही.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्यू जॉन्सन यांनी अशा जोडप्यांवर दीर्घकाळ काम केले. मागे लागणारा आणि माघार घेणारा, दोघांच्याही मुळाशी नाते निसटण्याची भीती असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथेही तेच आढळले. काकूंच्या प्रश्नामागे ‘हे अचानक गेले तर?’ ही धास्ती होती. काकांना मात्र त्यात ‘तुम्हांला काहीच जमत नाही’ एवढेच ऐकू येई.

माघारीला शारीरिक बाजूही असते. जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकांच्या मते, वादात नाडी मिनिटाला सुमारे १००च्या पुढे गेली की समोरच्याचे म्हणणे समजून घेण्याची क्षमता घटते आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटे लागतात. वरवर थंड दिसणारा माणूस आतून असा ढवळलेला असू शकतो. हृदयरोग्यांच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत. काकांनाही तशी गोळी चालू होती. म्हणून मी त्यांना नाडीऐवजी आवळलेला जबडा आणि गरम झालेले कान ही खूण सांगितली.

उपाय दोनच ठरले. उठण्यापूर्वी काकांनी सांगायचे, “मला अर्धा तास दे, चार वाजता चहाला बोलू,” आणि चार वाजता स्वतःहून यायचे. त्या अर्ध्या तासात भांडण मनात घोळवायचे नाही, अन्यथा शरीर निवतच नाही. काकूंनी मागे जायचे नाही आणि चहाला बसल्यावर तक्रारीऐवजी भीती सांगायची: “तुम्ही गप्प असलात की मला त्या रात्रीचं हॉस्पिटल आठवतं.” गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणली, रिकामा कप्पा पाहिला की प्रश्नाची गरज उरेना.

दुसऱ्याच आठवड्यात घडी विस्कटली. काका चारला आलेच नाहीत. काकू पुन्हा गॅलरीच्या दारात. परतण्याची वेळ पाळली नाही, तर विश्रांती ही जुनी माघारच ठरते. मग काकांनी घड्याळात गजर लावला. दोन महिन्यांनी काकू म्हणाल्या, “परवा हे आपणहून म्हणाले, आज जिना चढताना दम लागला नाही.” खटके अजून उडतात, पण दार लागत नाही.

मात्र प्रत्येक मौन या वर्तुळातले नसते. पूर्वी बोलका असलेला माणूस अलीकडेच गप्प झाला असेल, तर आधी श्रवणशक्ती तपासावी. ऐकू न येणारा माणूस उत्तर टाळतो असे वाटते. झोप, भूक, गोडी गेली असेल तर नैराश्य, आणि शब्द किंवा नेहमीची कामे विसरत असतील तर स्मृतिभ्रंश असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. जिथे मारहाण वा धाक आहे, तिथे गप्प राहणे हा स्वसंरक्षणाचा मार्ग असतो. तिथे हे उपाय लागू नाहीत.

मुलासुनांना एकच विनंती: आईचा निरोप बाबांना आणि बाबांचा आईला पोहोचवू नका. “चारच्या चहाला तुम्हीच त्यांना सांगा,” एवढे म्हणा आणि त्या वेळी दोघांना एकटे सोडा.