पहिला भाग नेमका कोणता?

दूरदर्शन मालिकेचे भाग ज्या क्रमाने चित्रित होतात, त्याच क्रमाने ते दाखवले जातात असे नाही. सलग कथेच्या मालिकेत असा फरक सहसा पडत नाही, कारण कालचा प्रसंग आज पुढे न्यायचा असतो. प्रत्येक भागात स्वतंत्र गोष्ट असेल, तर मात्र भाग मागेपुढे करायला वाहिनी मोकळी असते. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या विज्ञानकथा मालिकेचे १९६६ मधील पहिले पर्व हे याचे ठळक उदाहरण आहे.

या मालिकेचा पहिला नमुना भाग ‘द केज’ एनबीसी वाहिनीने नाकारला, पण दुसरा करून दाखवायला सांगितले. तो दुसरा नमुना, ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’, जुलै १९६५ मध्ये चित्रित झाला आणि मालिका मंजूर झाली. नियमित चित्रीकरण मे १९६६ मध्ये ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’ या भागाने सुरू झाले. निर्मिती संस्थेने प्रत्येक भागाला निर्मिती क्रमांक दिला होता. त्यात ‘द केज’ला १, दुसऱ्या नमुन्याला २ आणि ‘कॉर्बोमाइट’ला ३ हा क्रमांक मिळाला.

प्रक्षेपण ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाले ते ‘द मॅन ट्रॅप’ या भागाने. त्याचा निर्मिती क्रमांक होता ६. ‘कॉर्बोमाइट’ मागे पडण्याचे मुख्य कारण तांत्रिक होते. त्यात अंतराळयानाची दृश्ये भरपूर होती. कलाकारांचे काम काही दिवसांत संपले, तरी यानाची प्रतिकृती चित्रित करून तिच्यावर पार्श्वभूमीचे थर चढवायला आठवडेच्या आठवडे लागत. ज्या भागात असे काम थोडे, तो आधी तयार होई. वाहिनीची पसंतीही महत्त्वाची ठरली. ‘द मॅन ट्रॅप’मध्ये परका ग्रह होता आणि भीतीदायक प्राणीही होता, त्यामुळे नव्या प्रेक्षकाला मालिकेचे स्वरूप लगेच कळण्यासारखे होते. दुसरा नमुना २२ सप्टेंबरला, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात दाखवला गेला. ‘कॉर्बोमाइट’ थेट १० नोव्हेंबरला, दहावा भाग म्हणून आला.

या अदलाबदलीच्या खुणा पडद्यावरच राहिल्या आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत प्रेक्षकांना यानावरचे डॉक्टर म्हणून मॅकॉय दिसले. तिसऱ्या आठवड्यात अचानक पायपर नावाचे वेगळेच डॉक्टर आले आणि गणवेशही बदलले. चौथ्या आठवड्यात मॅकॉय परतले. उहुरा या अधिकारी स्त्रीचा गणवेश ‘द मॅन ट्रॅप’मध्ये लाल आहे, पण दहाव्या आठवड्यातल्या ‘कॉर्बोमाइट’मध्ये सोनेरी. प्रक्षेपणाच्या क्रमाने पाहणाऱ्याला ही चूक वाटते. निर्मितीच्या क्रमाने पाहिले की सगळे जुळते: पायपर नमुना भागातले, मॅकॉय त्यानंतरचे आणि सोनेरी गणवेश लालच्या आधीचा. दोन भागांत असा विसंगत बदल दिसला की आधी त्यांचे निर्मिती क्रमांक ताडून पाहावेत.

एखाद्या भागाविषयी कुणी प्रश्न विचारला की खरा घोळ होतो. ‘मॅकॉय पहिल्यांदा कोणत्या भागात आले?’ याचे उत्तर प्रेक्षकांच्या दृष्टीने ‘द मॅन ट्रॅप’ आहे आणि अभिनेत्याच्या कामाच्या दृष्टीने ‘कॉर्बोमाइट’. दोन्ही खरी आहेत. ‘तिसरा भाग’ म्हटले तर एका यादीत दुसरा नमुना येतो आणि दुसऱ्या यादीत ‘कॉर्बोमाइट’. यात घरी पाहण्याच्या संचांनी भर घातली. सुरुवातीच्या डीव्हीडी निर्मिती क्रमाने निघाल्या, तर २००४ चे पर्वनिहाय संच प्रक्षेपण क्रमाने. त्यामुळे नुसत्या अनुक्रमांकावर विसंबण्यापेक्षा भागाचे नाव घ्यावे आणि ‘आधी’ किंवा ‘पहिला’ म्हणताना चित्रीकरण अभिप्रेत आहे की प्रक्षेपण, ते सांगावे. तारीख दिली तर देशही सांगावा, कारण कॅनडात ‘द मॅन ट्रॅप’ अमेरिकेच्या दोन दिवस आधी दाखवला गेला होता आणि ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६९ मध्ये सुरुवातच दुसऱ्या नमुन्याने केली.

याद्या जुळतात की नाही हे नुसत्या बेरजेवरूनही कळत नाही. पहिल्या पर्वात २९ भाग दाखवले गेले आणि शेवटचा निर्मिती क्रमांकही २९ आहे, पण हा योगायोग आहे. क्रमांक १ असलेला ‘द केज’ त्या पर्वात दाखवलाच गेला नाही, म्हणजे एक क्रमांक जास्तीचा झाला. त्याचीच दृश्ये वापरून ‘द मिनाजरी’ हा जोडभाग तयार केला गेला. तो अकराव्या आणि बाराव्या आठवड्यात दोन भागांत दाखवला गेला, पण दोन्हींचा निर्मिती क्रमांक एकच, १६. इथे एक क्रमांक कमी पडला आणि हिशेब बरोबर झाला. शेवटच्या ‘ऑपरेशन: अनायलेट!’ या भागाचा क्रमांक दोन्ही याद्यांत २९ आहे, म्हणून मधले क्रमांकही जुळत असतील असे धरून चालता येत नाही.